१० किलोचा आटा ८ टक्के स्वस्त, पण घरात खाणारी माणसं किती?

प्रश्न: आम्ही डोंबिवलीत राहतो, वन बीएचके, मी, मिस्टर आणि ४ वर्षांची मुलगी. दोघं नोकरी करतो. दर महिन्याला ऑफर बघून १० किलोचा आटा, १५ लिटरचा तेलाचा डबा असं मोठं घ्यावं असं वाटतं कारण किलोमागे स्वस्त दिसतं. सासूबाई पण म्हणतात एकदाच भरून ठेवा. पण दोन वेळा आट्यात किडे झाले आणि फेकावा लागला. मग खरंच स्वस्त पडतं का हे, की आमचंच ठेवायचं चुकतंय?

उत्तर:

ताई, माझं किराणा दुकान आहे, २४ वर्षं झाली, तुमच्या शेजारच्याच स्टेशनला. मी ५ किलो पण विकतो आणि १० किलो पण विकतो त्यामुळे मला कुठलं एक विकायची घाई नाही. ठेवायचं थोडं चुकत असेल, पण मुख्य चूक पाकिटाच्या साइजची आहे.

आधी एक सोपा हिशोब डोक्यात बसवा. पाकिटावर जेवढे टक्के सूट आहे तेवढेच टक्के माल वाया गेला की तुमचा फायदा शून्य. समजा ५ किलोचा आटा २५० ला आहे आणि १० किलोचा ४६० ला (भाव उदाहरणापुरते धरा, ब्रँडप्रमाणे इकडेतिकडे होतात). म्हणजे छोट्यात किलोला ५०, मोठ्यात ४६. सूट झाली ८ टक्के, वाचले ४० रुपये. आता १० किलोचे ८ टक्के म्हणजे ८०० ग्रॅम. ८०० ग्रॅम पीठ फेकलं, की तुम्ही आणि छोटं पाकीट घेणारा बरोबरीत. त्याच्यावर जे फेकाल ते सगळं खिशातून. आणि ८०० ग्रॅम म्हणजे काय, घरातल्या डब्याच्या तळाला जे उरतं आणि "आता नको ते, नवीन काढू" म्हणून बाजूला पडतं ना, साधारण तेवढंच.

पाकिटावर हल्ली दर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, तो बघून लोक खूश होतात, पण तो विकत घेतलेल्या किलोचा भाव आहे. पोटात गेलेल्या किलोचा भाव तुमचा तुम्हालाच काढावा लागतो.

आता तुमच्या आट्याकडे येतो. किडे का झाले ते कळलं की कुठलं पाकीट घ्यायचं ते आपोआप कळेल.

गव्हाच्या पिठात जो तांबडा-तपकिरी बारीक, चपटा किडा होतो (३-४ मिलीमीटरचा असतो, साधारण तिळाच्या दाण्याएवढा) त्याची अंडी उघड्या डोळ्याने दिसत नाहीत, पिठाच्या कणासारखीच असतात. ती गिरणीतून येऊ शकतात, गोडाऊनमधून येऊ शकतात, माझ्या दुकानातून येऊ शकतात, नाहीतर तुमच्याच घरात शेजारच्या डब्यात रव्यात जे बसलेत ते येऊ शकतात. कुणावर एकावर बोट दाखवता येत नाही. मुद्दा हा की आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये घरात ३० डिग्रीच्या आसपास आणि दमट हवा असते, त्याला अगदी आवडतं हवामान, आणि अशा वेळी अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारा किडा तयार व्हायला साधारण महिना-सव्वा महिना लागतो. म्हणजे आज पाकिटात १०-२० अंडी असली तर पहिला महिना तुम्हाला काहीच कळत नाही. पोळ्या मस्त होतात. महिन्यानंतर ते १०-२० मोठे होतात आणि प्रत्येकजण रोज थोडी थोडी अंडी घालायला लागतो. दुसऱ्या महिन्यात डबा उघडला की आई गं!

म्हणून मी गिऱ्हाइकाला एकच विचारतो, हे पाकीट फोडल्यापासून महिन्याच्या आत संपणार का? संपणार असेल तर अंडी असली काय आणि नसली काय, पहिली पिढी मोठी व्हायच्या आत पीठ पोटात गेलेलं असतं. नसेल संपणार तर तुम्ही आटा विकत घेताय त्यातला काही भाग किड्यांसाठी घेताय, आणि तोही स्वतःच्या पैशाने.

मग महिन्याला किती लागतं ते काढा, अंदाजाने नको, मोजून. आपली घरगुती मध्यम पोळी साधारण ३० ग्रॅम पिठाची होते (फुलका असेल तर कमी, घडीची मोठी असेल तर ४० पर्यंत). समोरच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी आहेत, त्यांच्या घरी तुमच्यासारखीच तीन माणसं, नवरा डबा नेतो, रात्री एक वेळ भातच असतो कारण माणसं कोकणातली. दिवसाला ६ पोळ्या. म्हणजे १८० ग्रॅम. रविवारी बाहेर किंवा काहीतरी वेगळं, म्हणून महिन्याचे २५ दिवस धरले तर साडेचार किलो. आता बघा, ५ किलोचं पाकीट त्यांना महिना आणि वर दोन-तीन दिवस पुरतं. १० किलोचं सव्वादोन महिने.

त्यांनी जुलैच्या सुरुवातीला १० किलोचं घेतलं, ऑनलाइन, ऑफर होती. घरी आणून अर्धं डब्यात ओतलं, अर्धं पाकिटातच ठेवून वर क्लिप लावली आणि गॅसच्या ओट्याखालच्या ट्रॉलीत सरकवलं. ऑगस्टच्या मध्याला माझ्याकडे आल्या पाकीट घेऊन, "भाऊ हे बघा काय झालंय". माझ्या दुकानातलं नव्हतं तरी बघितलं. उरलेलं होतं सव्वातीन किलो आणि त्यात जिवंत हालचाल. फेकलं सगळं. म्हणजे ४६० रुपयात त्यांनी खाल्लं पावणेसात किलो. किलोला पडले ६८ रुपये. छोटं पाकीट ५० ने मिळत होतं! वर शेजारी ठेवलेला अर्धा किलो रवा आणि बेसनाचं उघडं पाकीट, तिकडे पण पोचले होते, ते वेगळंच. त्याचा हिशोब कोणी धरत नाही पण तोही त्या ८ टक्के सुटीचाच खर्च आहे.

वहिनींची त्या बाबतीत चूक फक्त एकच म्हणता येईल, ती ट्रॉली. ओट्याखाली गॅसची ऊब लागते, कुकरची वाफ लागते, सिंकच्या पाइपचा ओलावा असतो. किड्याला याहून चांगला फ्लॅट कुठे मिळणार, डोंबिवलीत आपल्याला मिळत नाही. पण वन बीएचकेमध्ये दुसरी जागा तरी कुठे आहे? बेडखाली ठेवलं तर विसरलं जातं, माळ्यावर ठेवलं तर काढायचा कंटाळा. जागा नसणं हाही खर्चच आहे, फक्त त्याचं बिल येत नाही.

किडे झाले नाहीत तरी दुसरी गोष्ट होते, खवटपणा. अख्ख्या गव्हाच्या पिठात गव्हाच्या अंकुराचं तेल असतं. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल आत बंद असतं, दळलं की हवा लागते आणि हळूहळू खवट व्हायला लागतं. म्हणून आट्याच्या पाकिटावर बहुतेक वेळा पॅकिंगपासून ३ महिन्यांचीच मुदत लिहिलेली असते, मैद्याला त्यापेक्षा जास्त असते कारण मैद्यात कोंडा-अंकुर काढून टाकलेला असतो. आणि ती मुदत बंद पाकिटाची, फोडून पावसाळ्यात ठेवलेल्याची नाही. आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मोठी ऑफर ज्या मालावर येते त्यातला बराच माल असा असतो की पॅकिंगला दीड-दोन महिने होऊन गेलेले असतात, डिस्ट्रिब्युटरला तो काढायचा असतो, मग स्कीम येते. माल खराब नसतो, कायदेशीर असतो, जे मोठं कुटुंब तो पंधरा दिवसात संपवतं त्याच्यासाठी छानच. पण तुमच्या घरी सव्वादोन महिने तो राहणार असेल तर मुदत तुमच्या डब्यातच संपते. दुकानात तारीख बघून घेता येते, ऑनलाइन घरी आल्यावर कळतं, तेव्हा डिलिव्हरीवाला समोर असतानाच बघा.

पीठ बिघडलंय का ते कसं ओळखायचं, कारण चाळून बघितलं की लोक समाधान मानतात. चाळणीत मोठे किडे आणि मोठ्या अळ्या अडकतात, अंडी आणि लहान अळ्या खाली पिठातच जातात. त्यापेक्षा एक करा. मूठभर पीठ ताटलीत घ्या, सुरीच्या सपाट बाजूने किंवा वाटीच्या बुडाने दाबून वरचा थर एकदम गुळगुळीत करा, आणि पाच-दहा मिनिटं तसंच ठेवून चहा घ्या. परत येऊन बघा. गुळगुळीत थराला बारीक भेगा पडल्या असतील, नागमोडी रेघा दिसत असतील, कुठे उंचवटा आला असेल तर आत कोणीतरी चालतंय. खवटपणासाठी तळहातावर चमचाभर पीठ घेऊन त्यात थोडं गरम पाणी टाका आणि वास घ्या, कोरड्या पिठात जो वास लपतो तो इथे येतो. चांगल्या पिठाचा वास गोडसर असतो, खवट पिठाचा जुन्या तेलासारखा, आणि पोळी केली तर शेवटी जिभेवर कडवट लागतं. कुबट, ओल्या पोत्यासारखा वास आला किंवा मुठीत दाबल्यावर गोळा होऊन तो सुटतच नसेल तर ओल शिरलीय, तिथे बुरशीची भीती, ते चाळून वगैरे वापरू नका. आणि खूपच किडे झालेल्या पिठाला गुलाबीसर छटा येते आणि नाकाला झोंबणारा वास येतो, तो किड्यांच्या अंगातून सुटणाऱ्या द्रव्याचा असतो, असं पीठ गुरांना पण घालू नये असं माझं मत.

सासूबाईंचं म्हणणं आता. त्या चुकीच्या नाहीत हो, त्या गव्हाबद्दल बोलतायत आणि तुम्ही आट्याबद्दल. एप्रिल-मे मध्ये गहू भरायचे, गच्चीवर कडकडीत ऊन द्यायचं, दाणा दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे, मऊ दबला तर अजून ऊन पाहिजे, मग गार झाल्यावर कोठीत. एरंडेल चोळायचं किंवा कडुनिंबाचा पाला घालायचा. असा गहू वर्षभर राहतो कारण दाणा अख्खा आहे आणि आत ओल नाही. आणि दर आठ दिवसांनी दळण. म्हणजे त्या "वर्षाचं भरायच्या" पण पीठ मात्र आठवड्याचंच असायचं! आठ-दहा माणसांचं घर, गच्ची, कोठीची खोली, आणि दिवसभर घरात कोणीतरी. आज तुम्ही ते सगळं सोडून फक्त "एकदाच भरा" तेवढं उचललंय. तुमच्याजवळ चक्की असेल तर १० किलो गहू घेऊन दोन-दोन किलो दळून आणा, तो मोठा पॅक घेण्यासारखा आहे. पण दोघं नोकरीवर, चक्की आठला बंद, ते जमेल का ते तुम्हीच बघा, न जमणारी बचत मी सांगत नाही.

तेलाचं वेगळं आहे. १५ लिटरचा डबा बंद असेल तर मुदतीपर्यंत टिकतो, त्यात किडेबिडे नाहीत. तिथे पैसे जातात ते हातातून. समजा पिशवी लिटरला १५० आणि डबा २१७५ ला, म्हणजे लिटरला १४५. पूर्ण डब्यावर वाचले ७५ रुपये. तुम्हा तिघांना महिन्याला अडीच लिटर लागत असेल तर डबा ६ महिने चालणार. ७५ रुपयाचं तेल म्हणजे अर्धा लिटर. अर्धा लिटर भागिले १८० दिवस, दिवसाला ३ मिली पण होत नाही, चहाचा अर्धा चमचा. म्हणजे रोज फोडणीत अर्धा चमचा तेल जास्त पडलं की ७५ रुपये गेले. आणि पडतंच! पिशवी संपत आली की बाई हात आखडते, पिशवी कापून निथळवते, डबा भरलेला दिसला की पुऱ्या होतात, भजी होतात. मी वर्षानुवर्षं बघतोय, ज्या तीन माणसांच्या घरी पिशवी जाते तिथे महिन्याला अडीच, आणि तेच घर डब्यावर आलं की तीनच्या पुढे. हे शास्त्र नाही, माझ्या वहीतली नोंद आहे.

वर डबा खिळ्याने दोन भोकं पाडून उघडतात आणि ती भोकं सहा महिने तशीच, हवा जाते, झुरळ जातं, तळाशी आलं की तेलाला रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागतो. उघडल्यावर दीड-दोन महिन्यात संपणारं घर असेल तरच डबा. आणि डबा घेताना १५ किलो लिहिलंय का १५ लिटर ते वाचा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरचा डबा पावणेचौदा किलोच्या आत-बाहेर आणि १५ किलोचा डबा साडेसोळा लिटरच्या आसपास. पिशव्यांवर पण हल्ली ग्रॅम बघा, लिटरसारखी दिसणारी पिशवी ८००-८५० ग्रॅमची निघते, मग डबा उगाच महाग वाटतो किंवा उलट.

डब्याच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, भाव वाढणार असेल तर भरून ठेवणाऱ्याचा फायदा होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढवली तेव्हा ज्यांनी आधी डबे घेतले होते ते हसले. पण मे २०२५ अखेर ती कमी पण केली. हा सट्टा आहे, दुकानदाराला पण नेहमी जमत नाही, माझ्याकडे चढ्या भावाचे डबे पडून राहिलेत.

तूरडाळ ५ किलो घ्या खुशाल, फोडलेली डाळ आहे, तेल लावलेली असेल तर आणखी बरं, तीन महिने कोरड्या डब्यात आरामात जाते. अख्खे मूग, चवळी, मटकी मात्र किलो-किलोच घ्या, भुंगा तिथेच पहिला येतो, दाण्यावर पांढरा ठिपका दिसला की समजायचं अंडं आहे. साबण, कपड्याची पावडर, मीठ यांना मोठं पाकीट चालतं, फक्त ठेवायला जागा असेल तर.

मग तुम्ही करायचं काय. जून ते सप्टेंबर आटा ५ किलोच, त्याच्या वर नको. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि गार असते तेव्हा किड्याची वाढ मंदावते, तेव्हा १० घ्यायचं तर घ्या. नाहीतर शेजारणीबरोबर १० किलो घेऊन त्याच दिवशी ५-५ वाटून घ्या, दोघींना ४६ चा भाव आणि दोघींचं महिन्यात संपलेलं. आमच्या चाळीच्या वेळी बायका हेच करायच्या, आता एका मजल्यावर राहून एकमेकींची नावं माहिती नसतात, असो.

आणि नवीन पीठ जुन्यावर ओतायची सवय असेल तर ती आजच बंद करा, कारण तळाच्या पावशेरात जे काही आहे ते नव्या पाच किलोला मिळतं. डबा पूर्ण रिकामा, झाकणाच्या आतल्या खाचेत पीठ अडकलेलं असतं ते टूथपिकने काढा, धुवा, आणि उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण कोरडा होईपर्यंत एक दिवस थांबा. ओल्या डब्यात पीठ म्हणजे गुठळ्या.

आत्ता घरात १० किलोचं न फोडलेलं पाकीट पडलंच असेल तर दोन-दोन किलोच्या घट्ट पिशव्या करा आणि आळीपाळीने फ्रीझरमध्ये, पूर्ण गार फ्रीझर हवा, बर्फ जमतो तो, फ्रीजचा खालचा कप्पा नाही. चार दिवस ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, तशीच बंद चार-पाच तास बाहेर ठेवा, नाहीतर गार पिठावर हवेतलं पाणी धरतं. तुमच्या फ्रीझरमध्ये आधीच मटार आणि आइस्क्रीम असेल आणि एका वेळी दोनच किलो मावत असेल तर १० किलोला वीस दिवस लागतील, म्हणून आधी ताटलीवाली टेस्ट करा, आणि काही चालताना दिसलं नाही तर फ्रीझरची एवढी धावपळ न करता पाच किलो शेजारी देऊन टाका.